दोन तास हात रिकामे, तरी पाऊण तासाची वाट: एका कारागिराच्या रांगेची गणितं

रांगेच्या गणितात मुलं सूत्र विसरल्यामुळे कमी चुकतात. सूत्र बरोबर लिहून त्यात चुकीचा आकडा भरल्यामुळे जास्त चुकतात. उत्तर आलं की दोन रेघा मारून पुढचा प्रश्न सुरू, आणि ते उत्तर शक्य तरी आहे का हे कुणी बघत नाही. म्हणून एकच उदाहरण घेतो आणि तेच शेवटपर्यंत सोडवतो.

रिक्षास्टँडजवळ पंक्चरचं दुकान आहे आणि कारागीर एकच. सरासरी दर २० मिनिटांनी एक रिक्षा पंक्चर काढायला येते. एका कामाला सरासरी १५ मिनिटं लागतात. आगमन पॉइसन पद्धतीचं, म्हणजे रिक्षा एकमेकींशी संबंध न ठेवता केव्हाही येतात, सेवेचा वेळ एक्स्पोनेन्शियल, म्हणजे कमीजास्त होणारा, आणि जो आधी आला त्याचं काम आधी. कारागीर किती वेळ रिकामा असतो, रांगेत सरासरी किती रिक्षा असतात, किती वेळ थांबावं लागतं, एवढं काढायचं आहे.

आधी वेळेचा दर करा

प्रश्नात दोन आकडे दिलेत, २० मिनिटं आणि १५ मिनिटं. दोन्ही वेळ आहेत. सूत्रांत मात्र दर लागतात, म्हणजे तासाला किती. दर वीस मिनिटांनी एक रिक्षा म्हणजे तासाला तीन, हा आगमन दर, लॅम्डा. पंधरा मिनिटांत एक काम म्हणजे तासाला चार, हा सेवा दर, म्यू.

```
λ = 60/20 = 3 (दर तासाला)
μ = 60/15 = 4 (दर तासाला)
ρ = λ/μ = 3/4 = 0.75
```

म्यूबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. कारागीर तासाला चार पंक्चर काढतो असा त्याचा अर्थ नाही, कारण येतातच तीन. समोर सतत काम असलं तर तो तासाला चार काढू शकेल, एवढंच म्यू सांगतो.

आता चूक बघा. एखादा सरळ λ = 20, μ = 15 लिहितो. मग μ − λ उणे येतं आणि वाट पाहण्याचा वेळही उणे. हा निदान सापडतो तरी. खरा घोळ पुढे होतो. उणे आलं म्हणून तो गुपचूप दोन्ही आकड्यांची अदलाबदल करतो, λ = 15 आणि μ = 20. आता ρ येतो ०.७५, अगदी बरोबर, म्हणून जीव भांड्यात पडतो. मग दुकानातला एकूण वेळ काढतो: १ भागिले (२० − १५), म्हणजे एक पंचमांश तास, १२ मिनिटं. पण नुसतं पंक्चर काढायलाच १५ मिनिटं लागतात! थांबणं आणि काम मिळून १२ मिनिटांत कसं होईल? एकूण वेळ सेवेच्या वेळेपेक्षा कमी आला की समजायचं, दर आणि वेळ यांची गल्लत झाली आहे.

दुसरी गल्लत एककांची. आगमन ‘तासाला तीन’ दिलेलं असतं आणि सेवा ‘१५ मिनिटं’. मुलं λ = 3 आणि μ = 1/15 घेतात, एक तासाचा आणि दुसरा मिनिटाचा. दोन्ही तासाला करा नाहीतर दोन्ही मिनिटाला. मी तासच घेतो, अपूर्णांक कमी होतात.

ρ म्हणजे कारागीर कामात असण्याचं प्रमाण. ०.७५ म्हणजे पाऊण वेळ काम आणि पाव वेळ हात रिकामे. आठ तासांच्या दिवसात दोन तास तो नुसता बसलेला असतो. दुकान पूर्ण रिकामं असण्याची शक्यताही तीच, P0 = 1 − ρ = 0.25. ρ एक किंवा त्याहून जास्त आला तर पुढची सूत्रं वापरायचीच नाहीत. रांग वाढतच जाईल, सरासरी ठरणार नाही, आणि पेपरात तेवढंच लिहून थांबायचं.

हात रिकामे असताना रांग का लागते?

इथे थोडं थांबायला हवं, कारण हे पटलं नाही तर पुढचे आकडे खोटे वाटतात. पाव वेळ मोकळा असलेल्या माणसापुढे रांग कशाला लागेल?

एक सकाळ घ्या. सोपं पडावं म्हणून प्रत्येक कामाला नेमकी १५ मिनिटं धरू. नऊ ते अकरा या दोन तासांत सहा रिक्षा आल्या, म्हणजे सरासरी तासाला तीनच. पण आल्या अशा: ९.००, ९.०५, ९.१०, मग एकदम १०.२०, १०.२५ आणि १०.५०. पहिलीचं काम ९.१५ ला संपलं, त्यामुळे दुसरी १० मिनिटं थांबली. तिचं काम ९.३० ला संपलं, म्हणून तिसरीला २० मिनिटं थांबावं लागलं. पावणेदहाला सगळं मोकळं. मग १०.२० पर्यंत कारागीर ३५ मिनिटं चहा पीत बसला. पुढे १०.२५ ची रिक्षा पुन्हा १० मिनिटं थांबली. सगळ्यांचं मिळून ४० मिनिटं थांबणं झालं.

याच सहा रिक्षा बरोबर वीस-वीस मिनिटांनी आल्या असत्या तर कुणालाच थांबावं लागलं नसतं. काम तेवढंच आणि कारागीर तोच. फरक झाला तो येण्याच्या अनियमितपणामुळे. आणि मधली ती ३५ मिनिटं साठवून ठेवता येत नाहीत. चहाच्या वेळात उद्याचं पंक्चर काढता येत नाही. त्यात कामाचा वेळही कमीजास्त होऊ लागला, एखादीची ट्यूबच बदलावी लागली, की रांग आणखी वाढते.

एकूण वेळ: सूत्र पाठ न करता

सूत्रं पाठ असतातच, पण दुकानातला एकूण वेळ म्हणजे W, त्याचं सूत्र दोन ओळींत उभं करता येतं आणि ते एकदा केलं की गोंधळ होत नाही.

तुम्ही रिक्षा घेऊन दुकानात आलात. तुमच्या आधी दुकानात सरासरी L रिक्षा आहेत, त्यात काम चालू असलेलीही आली. पॉइसन आगमनाचा फायदा हा की, कधीही येऊन टपकणाऱ्याला दुकानाचं सरासरी चित्रच दिसतं. आधीच्या प्रत्येकीला सरासरी १५ मिनिटं, मग तुमची स्वतःची १५.

इथे शंका येतेच: जिचं काम अर्धं झालंय तिला पूर्ण १५ मिनिटं कशी धरायची? एक्स्पोनेन्शियल वेळेचा विचित्र गुण तो हाच. काम किती वेळ चाललंय याचा उरलेल्या वेळेशी संबंध नसतो. दहा मिनिटं होऊन गेली असली तरी पुढे सरासरी १५ मिनिटंच उरतात. खऱ्या दुकानात हे पूर्णपणे खरं नसतं, त्याकडे शेवटी येतो. गणितापुरतं हे मान्य केलं की:

```
W = (L + 1) / μ
L = λW
म्हणून W = (λW + 1) / μ
W = 1 / (μ − λ)
```

दुसरी ओळ म्हणजे लिटलचा नियम. दुकानात असलेली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले प्रत्येकाने दुकानात घालवलेला सरासरी वेळ. जॉन लिटल यांनी १९६१ साली याची सिद्धता दिली. हा नियम फक्त पॉइसन-एक्स्पोनेन्शियल रांगेपुरता नाही. कितीही वेगळ्या रांगेला, ती स्थिरावलेली असली की, लागू पडतो. म्हणून उत्तर तपासायला याच्यासारखं हत्यार नाही.

आकडे भरू. W = 1/(4 − 3), म्हणजे १ तास. L = 3 × 1, म्हणजे ३ रिक्षा. उलट बाजूने बघा: आधीच्या तीन रिक्षा गुणिले १५ म्हणजे ४५ मिनिटं, अधिक आपली १५, बरोबर एक तास.

रांगेतला वेळ वेगळा, दुकानातला वेळ वेगळा

पेपरात सर्वांत जास्त गुण इथे जातात. W हा दुकानात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंतचा वेळ. Wq हा फक्त नंबर लागेपर्यंतचा. दोघांत फरक एका सेवेचा. तसंच L ही दुकानातली सरासरी संख्या, तर Lq ही फक्त रांगेत थांबलेल्या रिक्षांची.

```
Wq = W − 1/μ = 1 − 0.25 = 0.75 तास = 45 मिनिटे
Lq = λ × Wq = 3 × 0.75 = 2.25
```

पुस्तकातलं Wq = λ / (μ(μ − λ)) हे सूत्र वापरलं तरी 3 / (4 × 1) = 0.75 तासच येतो. मी वजाबाकीचा रस्ता सुचवतो, कारण त्यात W आणि Wq मधलं नातं डोळ्यांसमोर राहतं.

संख्येतही अशीच एक फसगत आहे. L = 3 आणि Lq = 2.25, फरक ०.७५. विद्यार्थी विचारतात, ‘सर, कामावर एक रिक्षा असते ना, मग फरक एकचा का नाही?’ कारण कामावर नेहमीच एक नसते. पाव वेळ शून्य असते. पाऊण वेळ एक आणि पाव वेळ शून्य, सरासरी ०.७५. म्हणजे फरक ρ एवढा. तुमच्या उत्तरात L आणि Lq मधला फरक ρ आला नाही तर कुठेतरी चुकलंय, हे पाच सेकंदांत कळतं.

प्रश्नातले शब्द नीट वाचा. ‘दुकानात किती वेळ जाईल’ म्हणजे W. ‘काम सुरू होईपर्यंत किती थांबावं लागेल’ म्हणजे Wq. ‘ज्यांना थांबावं लागतं त्यांचा सरासरी थांबण्याचा वेळ’ हा तिसराच प्रकार. आल्या आल्या ज्यांचा नंबर लागतो असे पाव लोक Wq च्या सरासरीत शून्य मिनिटं धरलेले असतात. त्यांना वगळलं की ४५ भागिले ०.७५, म्हणजे ६० मिनिटं.

शक्यतेचे प्रश्न

दुकानासमोर दोनच रिक्षा उभ्या राहायची जागा आहे, कामावर असलेली वेगळी. नवीन आलेल्या रिक्षाला जागा न मिळण्याची शक्यता किती? जागा मिळणार नाही तर तिच्या आधी तीन किंवा जास्त रिक्षा हव्यात.

```
P(n ≥ 3) = ρ³ = 0.75³ ≈ 0.42
P(n > 3) = ρ⁴ = 0.75⁴ ≈ 0.32
```

पहिलं उत्तर आपलं. दुसरं मुद्दाम दिलंय, कारण ‘तीन किंवा जास्त’ आणि ‘तीनपेक्षा जास्त’ यांत घाताचा एक आकडा बदलतो आणि उत्तर बरंच हलतं. प्रश्नातल्या ‘किंवा’ला पेन्सिलीने गोल करायची सवय लावा. आपलं ०.४२ म्हणजे शंभरातल्या बेचाळीस रिक्षा रस्त्यावर आडव्या उभ्या राहणार. (कुणीही निघून जात नाही, असं मॉडेल धरतं, जागा नाही म्हणून रिक्षा परत गेली तर सूत्रच बदलतं.)

अर्ध्या तासाहून जास्त थांबावं लागण्याची शक्यता:

```
P(रांगेत > t) = ρ × e^(−(μ−λ)t)
t = 0.5 तास: 0.75 × e^(−0.5) = 0.75 × 0.6065 ≈ 0.455
```

इथे t तासांत भरायचा. ३० भरलात तर उत्तर जवळजवळ शून्य येईल, आणि सरासरीच ४५ मिनिटं असताना ते शक्य नाही. सूत्राच्या सुरुवातीचा ρ हा रांगेतल्या वेळेसाठी. दुकानातल्या एकूण वेळेची शक्यता विचारली तर तो नसतो, नुसतं ०.६०६५.

तीन मिनिटं वाचवली तर?

कारागिराने चाक सोडवायला हवेवर चालणारी गन घेतली आणि कामाचा सरासरी वेळ १५ वरून १२ मिनिटं झाला. म्यू झाला ५. आता W = 1/(5 − 3) = अर्धा तास. Wq = 30 − 12 = 18 मिनिटं. कामातली तीन मिनिटं कमी झाली, थांबण्यातली सत्तावीस. मला या सगळ्या विषयात हा आकडा सर्वांत आवडतो, कारण मुलांना तो आधी खोटाच वाटतो. कारण μ − λ मध्ये आहे: एकवरून दोन झाला, म्हणजे वेळ थेट अर्ध्यावर.

उलटही तितकंच खरं. जुन्याच वेगाने, पण रिक्षा तासाला तीनऐवजी साडेतीन येऊ लागल्या, तर μ − λ = 0.5, W = २ तास, आणि थांबणं १०५ मिनिटं. गर्दी वाढली सहाव्या हिश्शाने, थांबणं दुपटीच्या वर गेलं.

आता पैशाचा प्रश्न. दुकानात अडकलेल्या प्रत्येक रिक्षाचं तासाला १५० रुपयांचं भाडं बुडतं असं धरू. इथे L घ्यायचा की Lq? पंक्चर काढत असतानाही रिक्षा धंदा करत नाही, म्हणून L. पूर्वी L = 3, म्हणजे तासाला ४५० रुपये, आठ तासांत ३,६००. गन आल्यावर L = 1.5, म्हणजे दिवसाला १,८००. वाचले रोज १,८०० रुपये. तपासून बघा: दिवसाला २४ रिक्षा, प्रत्येकीचा एक तास, १५० रुपये, बरोबर ३,६००. पण हे पैसे वाचतात रिक्षावाल्यांचे आणि गन घ्यायची कारागिराने. कारखान्यात कामगारांना हत्यारं देणाऱ्या टूलरूमच्या गणितात थांबणारा फिटर आणि खिडकीवरचा माणूस दोघांचा पगार एकच मालक देतो, म्हणून तिथे दोन्ही खर्चांची सरळ बेरीज करता येते.

शेवटी उलटा प्रश्न, जो परीक्षेत हमखास असतो. गन घेतली आहे. सरासरी थांबणं ३० मिनिटांवर गेलं तर दुसरा कारागीर ठेवायचा. त्यासाठी आगमन दर किती वाढावा लागेल? इथे λ माहीत नाही, बाकी सगळं आहे.

```
0.5 = λ / (5(5 − λ))
2.5 × (5 − λ) = λ
12.5 = 3.5λ
λ ≈ 3.57 (दर तासाला)
```

म्हणजे सुमारे १६.८ मिनिटांनी एक रिक्षा. इथेही डाव्या बाजूला ३० लिहिण्याचा मोह होतो. μ तासाचा आहे, म्हणून अर्धा तासच लिहायचा. आलेला λ म्यूपेक्षा कमी आहे ना, एवढं बघून घ्या.

ही सूत्रं कुठे फसतात

या सूत्रांचा उगम टेलिफोनच्या कामात आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांग यांचा १९०९ सालचा निबंध या विषयाची सुरुवात मानला जातो. फोन करणारी माणसं एकमेकांना न विचारता फोन करतात, म्हणून पॉइसन तिथे छान बसतं. बसमधून एकदम तीस माणसं उतरून तिकिटाच्या खिडकीवर आली तर ते बसत नाही.

सेवेच्या वेळेचं तसंच. गाडी धुण्याच्या यंत्राला दरवेळी नेमकी तेवढीच मिनिटं लागत असतील तर तो वेळ एक्स्पोनेन्शियल नाही. सेवेचा वेळ अगदी पक्का असला की Wq बरोबर अर्धा होतो. आपल्या उदाहरणात ४५ च्या जागी साडेबावीस मिनिटं. पंक्चरचं काम या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतं, म्हणून ४५ मिनिटं हा जरा वाढीव अंदाज समजा.

आणि ही सरासरी दीर्घकाळची आहे. सकाळी शटर उघडतं तेव्हा रांग शून्य असते, तिला सव्वादोनपर्यंत पोचायला वेळ लागतो. ρ एकाच्या जवळ असेल तर एका दिवसात ती तिथे पोचतही नाही. त्यामुळे एखाद्या दुकानासमोर तासभर घड्याळ घेऊन उभे राहिलात आणि आकडा जुळला नाही, तर लगेच सूत्राला दोष देऊ नका. आधी वहीत एवढं टिपा: रांग पाहून किती रिक्षा न थांबताच पुढे निघून गेल्या. त्या दुकानात आल्याच नाहीत, म्हणून त्या λ मध्ये धरायच्या नाहीत.